‘बोलून गेलो’ आणि ‘बोललो’

गेल्या वर्षीच्या जुलैमध्ये गंगापूर रस्त्यावरच्या एका कॅफेत मी एक विनोद केला. तो जेमतेम तीन वाक्यांचा होता आणि त्याची दुरुस्ती करायला मला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत मी दोनदा माफी मागितली. पहिली माफी चुकीची होती, हे मला दुसरी मागताना कळले, आणि हा लेख त्या दोन माफींमधल्या फरकाविषयी आहे.

माझे वय एकेचाळीस. शरणपूर रस्त्यावर माझे करसल्लागाराचे छोटे कार्यालय आहे आणि लग्न या विषयावर घरच्यांनी बोलणे जवळजवळ सोडून दिले होते. तेवढ्यात एका मावशीने एक स्थळ सुचवले. ती सदतीस वर्षांची, शाळेत विज्ञान शिकवणारी, निफाड तालुक्यातल्या एका गावातली आणि आता कामासाठी नाशिकमध्ये राहणारी. पहिली भेट इंदिरानगरला मावशीच्या घरी झाली, म्हणजे पोहे, चहा आणि मावशीचेच बोलणे. दुसरी भेट या कॅफेत, आणि तिच्यासोबत तिचा मामेभाऊ व त्याची बायको असे दोघे आले होते. आमच्या वयाला सोबतीची गरज होती असे नाही, पण तिच्या घरची ती रीत होती आणि मला त्यात वावगे वाटले नाही.

बोलणे चांगले चालले होते. तिने शाळेतल्या प्रयोगशाळेच्या गमती सांगितल्या. मी मार्चअखेरीला कार्यालयात कसे दिवस असतात ते सांगितले. मग गावाचा विषय निघाला. मी विचारले, “निफाड म्हणजे द्राक्षबाग असेलच घरची?” ती म्हणाली, “होती. आता नाही.” मी “अच्छा” म्हणालो आणि पुढे काहीच विचारले नाही. हे ‘अच्छा’ लक्षात ठेवावे, कारण माझी खरी चूक बहुधा तिथेच सुरू झाली.

दहा मिनिटांनी मामेभावाने सहज विचारले, “मग तुमच्याकडे शेतकरी येतात का, टॅक्सच्या कामाला?” आणि मी उत्साहाने म्हणालो, “शेतकऱ्याला आमची काय गरज? उत्पन्नाला कर नाही आणि कर्जाला दरवर्षी माफी आहे. आम्हाला मात्र एका दिवसाच्या उशिरालाही दंड!” आणि मीच हसलो. मामेभाऊ हसला. त्याची बायको अर्धवट हसली. तीसुद्धा हसली आणि म्हणाली, “हो, आम्ही माफीतच वाढलो.” मला ते उत्तर खेळीमेळीचे वाटले. माझ्या विनोदाला तिने तोलामोलाचे उत्तर दिले, असे समजून मी मनातल्या मनात तिला एक गुणही वाढवून दिला.

मन दुखावले गेले आहे हे ओळखावे कसे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, विशेषतः नव्या ओळखीत. जुन्या माणसाचे रागावणे आपल्याला पाठ असते. नवा माणूस रागावला तर तो बहुतेक वेळा अधिक सभ्य होतो. पूर आला की आम्ही नाशिककर पाण्याकडे पाहून काही ठरवत नाही. पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, हे विचारतो, कारण मोजायला काहीतरी न हलणारे लागते. त्या संध्याकाळी ते मोजमाप माझ्याकडे होते, फक्त मी ते वापरले नाही. विनोदापूर्वी तिचे प्रत्येक उत्तर एका प्रश्नाने संपत होते: “तुमच्याकडे कसं असतं?” “मग तुम्ही काय केलंत?” विनोदानंतर तिने एकही प्रश्न विचारला नाही. जे विचारले त्याचे उत्तर दिले, नीट दिले, हसून दिले आणि थांबली. बिल आल्यावर तिने आपल्या तिघांचे पैसे काढून टेबलावर ठेवले आणि “उद्या शाळा लवकर आहे” म्हणून उठली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. हे माझ्या लक्षात आले ते रात्री, अंथरुणावर पडल्यावर.

रात्री साडेअकराला मी व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवला. तो जसाच्या तसा देतो, कारण त्यातल्या प्रत्येक शब्दाकडे नंतर मला परत जावे लागले: “आज माझ्या बोलण्याने तुम्हाला वाईट वाटले असेल तर सॉरी. तसा हेतू अजिबात नव्हता. गमतीत बोलून गेलो.” शेवटी हात जोडल्याचे चिन्ह. पाच मिनिटांत उत्तर आले, “नाही हो, काही नाही.” आणि एक हसरा चेहरा. मी निश्चिंत झोपलो. त्यानंतर चार दिवस तिच्याकडून आपणहून एक शब्द आला नाही. मी पाठवलेल्या दोन निरुपद्रवी संदेशांना एकेका शब्दाची उत्तरे आली.

पाचव्या दिवशी मी मावशीला फोन केला आणि तूच जरा तिच्याशी बोलून बघ म्हणालो. मावशी म्हणाली, “काय बोललास ते आधी मला सांग.” मी सांगितले. मावशी बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “तिच्या वडिलांची बाग कशी गेली ते तुला ठाऊक आहे का?” नव्हते. “मग ते तिलाच विचार. आणि मला मध्ये घालू नकोस. तू बोललास, तूच निस्तर.” मावशीने फोन ठेवला. मध्यस्थामार्फत मागितलेली माफी ही आपल्याकडे फार जुनी सोय आहे आणि भावकीच्या भांडणात ती उपयोगीही पडते. पण दोन भेटींच्या ओळखीत तिचा अर्थ एवढाच होतो की, समोरच्याला आता दोन माणसांची समजूत काढावी लागते.

तेव्हा कुठे मी माझा तो संदेश पुन्हा वाचला, आणि एखाद्या पक्षकाराचे विवरणपत्र तपासावे तसा वाचला. “वाईट वाटले असेल तर.” म्हणजे वाटले की नाही हे अजून सिद्ध व्हायचे आहे आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी तिची. यावर कुणीही सभ्य माणूस “नाही हो, काही नाही” हेच म्हणणार, कारण दुसरे उत्तर देणे म्हणजे स्वतःच्या जखमेची कागदपत्रे सादर करणे. “तसा हेतू नव्हता.” हे खरे होते, पण माझ्या हेतूचा प्रश्न तिने विचारलाच नव्हता. तिच्या दृष्टीने अडचण हीच होती की, काही हेतू नसतानाही मी असे बोलू शकतो. आणि “गमतीत बोलून गेलो.” या ‘गेलो’वर मी बराच वेळ थांबलो.

आपल्या भाषेत ‘बोललो’ आणि ‘बोलून गेलो’ यांच्यात मोठे अंतर आहे. ‘बोललो’ म्हटले की कर्ता जागेवर उभा असतो. ‘बोलून गेलो’ म्हटले की कर्ता निघून गेलेला असतो आणि मागे फक्त बोलणे उरते. जणू हातातून पेला निसटावा तसे वाक्य निसटले. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे ‘तोंडातून निघून गेले’. इथे कर्ता मुळात नव्हताच, तोंड होते. चुकीची कबुली देण्याच्याही आपल्याकडे अशाच पायऱ्या आहेत. ‘चूक झाली’ यात चूक पावसासारखी आपोआप होते. ‘माझ्याकडून चूक झाली’ यात ती निदान माझ्या अंगणात होते. ‘माझे चुकले’ हे बरेच जवळ येते. ‘मी चुकीचे बोललो’ इथे मात्र आडोसा उरत नाही. मराठी माणूस उद्धट आहे म्हणून नीट माफी मागत नाही, असे मला वाटत नाही. त्याच्या व्याकरणात लपायला जागा इतक्या आहेत की, शोधावी लागत नाही, पाय आपोआप तिकडे वळतात.

शब्दांचेही तेच. ‘दिलगीर’ हा फारसीतून आलेला शब्द. त्याचा अर्थ खिन्न, मन भरून आलेला. रस्ता खोदणारा कंत्राटदार ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ अशी पाटी लावतो तेव्हा तो इतकेच सांगतो की, त्याला वाईट वाटते आहे. खड्डा कोणी खोदला याबद्दल त्या पाटीत काही नसते. वर्तमानपत्रात पुढारी ‘दिलगिरी व्यक्त करतो’ म्हणतात आणि विरोधक ‘माफी मागा’ म्हणून अडून बसतात, तेव्हा तो नुसता शब्दांचा हट्ट नसतो. ‘माफी’ हा शब्द अरबी वाटेने आला आणि महसुलाच्या दप्तरात तो सोडून दिलेल्या देण्यासाठी रुळला: सारामाफी, करमाफी आणि पुढे माझ्या विनोदातली ती कर्जमाफी. माफी मागायची तर आधी देणे कबूल करावे लागते. माझ्या संदेशात देण्याचा आकडाच नव्हता. फक्त ते सोडून द्यावे अशी विनंती होती. आपल्या जुन्या पत्रांच्या आणि हिशेबांच्या खाली ‘चू. भू. द्या. घ्या.’ असे लिहीत. ती एक गोड पद्धत आहे, पण ती आधीच मागून ठेवलेली घाऊक माफी आहे, न सापडलेल्या चुकांसाठी. सापडलेल्या चुकीला ती चालत नाही.

माझ्या धंद्यात यासाठी एक सरळ व्यवस्था आहे. विवरणपत्रात चूक राहिली हे ध्यानात आले तर मुदतीत सुधारित विवरणपत्र भरता येते. पण ते भरताना मूळ विवरणपत्राचा पोचक्रमांक आणि तारीख द्यावीच लागते. ‘पूर्वी काही चुकले असल्यास’ असा रकाना त्यात नाही. कोणत्या कागदाची दुरुस्ती करतो आहोत ते आधी लिहायचे आणि मग बरोबर आकडे. माझ्या माफीत मूळ कागदाचा क्रमांक नव्हता. मी नेमके काय बोललो होतो, ते मी संदेशात लिहिलेच नव्हते, ‘माझ्या बोलण्याने’ एवढ्यावर भागवले होते. आणि ते वाक्य पुन्हा लिहायला हात धजत नव्हता, हेच त्याचे कारण होते.

याच सुमारास, रात्री उगाच वाचत बसलेला असताना, अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास माझ्या हाती लागला. त्यांनी माफीचे सहा घटक मानले होते: खेद व्यक्त करणे, काय बिघडले त्याचा खुलासा, जबाबदारी घेणे, पुन्हा असे होणार नाही हे सांगणे, भरपाईची तयारी आणि क्षमेची याचना. दोन प्रयोगांत मिळून 755 लोकांना त्यांनी निरनिराळ्या माफ्या वाचायला दिल्या. जबाबदारी घेणे सर्वांत परिणामकारक ठरले, त्याखालोखाल भरपाईची तयारी आणि सर्वांत कमी उपयोगाची ठरली ती क्षमेची याचना. आता यातली माझ्यासाठी गमतीची गोष्ट म्हणजे, त्यांनी वापरलेला प्रसंग होता एका नोकरीच्या उमेदवाराचा, ज्याने आधीच्या नोकरीत पक्षकाराचे उत्पन्न कमी दाखवणारे चुकीचे कर-विवरणपत्र भरले होते! म्हणजे माझ्याच जमातीचा माणूस. अर्थात प्रयोगातली माणसे कागदावरची माफी वाचत होती, त्यांचे स्वतःचे काही गेले नव्हते, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलून आपल्या घरात ठेवता येत नाही. तरीही मी माझा संदेश त्या सहा घटकांशी लावून पाहिला. त्यात ‘सॉरी’पुरता खेद होता, हेतूचा खुलासा होता आणि जोडलेल्या हातांत याचना होती. जबाबदारी नव्हती, भरपाई नव्हती. जे नसते तर चालले असते तेवढे सगळे मी भरले होते.

मग मी काय करावे? पुन्हा भेटायला बोलवावे, तर तो तिच्यावर नवा भार. लांबलचक पत्र लिहावे, तर दोन भेटींच्या ओळखीत चार पानांची माफी म्हणजे समोरच्याने आता माझेच सांत्वन करावे अशी मागणी. माझा एक मित्र सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या शेजाऱ्याच्या वजनावरून काही बोलला होता. नंतर त्याला इतके वाईट वाटले की, लिफ्टमध्ये भेट झाली की तो दर वेळी त्या गृहस्थांची क्षमा मागू लागला. तिसऱ्या खेपेनंतर ते गृहस्थ जिन्याने जाऊ लागले. (मित्राचे म्हणणे असे की, निदान त्यांना व्यायाम झाला. म्हणजे त्याला अजूनही काही कळलेले नाही.) जुन्या नात्यात माणूस चार दिवस पश्चात्ताप करत हिंडला तरी घरचे सोसतात, कारण त्याच्या खात्यावर जुनी शिल्लक असते. नव्या ओळखीत शिल्लक शून्य असते. तिथे माफी मोठी असून चालत नाही, नेमकी असावी लागते.

दहाव्या दिवशी मी तिला लिहिले, “त्या शनिवारी मी जे बोललो त्याबद्दल मला तुमच्याशी दोन मिनिटे फोनवर बोलायचे आहे. नको असेल तर तसे कळवा, मी पुन्हा विचारणार नाही.” तिचे उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आले: “संध्याकाळी सातनंतर चालेल.”

सात वाजून दहा मिनिटांनी मी फोन केला. काय बोलायचे ते मी एका कागदावर लिहून ठेवले होते आणि ते वाचून दाखवायचे नाही असेही ठरवले होते. मी म्हणालो, “त्या दिवशी ‘शेतकऱ्याच्या कर्जाला दरवर्षी माफी आहे’ असं मी म्हणालो आणि वर हसलो. त्याच्या दहा मिनिटं आधी तुम्ही सांगितलं होतंत की, तुमची बाग आता नाही. मी ते ऐकलं होतं. कशी गेली ते विचारलं नाही, आणि तरी तसं बोललो. ते चुकीचं होतं. तुमच्या भावासमोर बोललो, हेही चुकीचं. रात्री जो मेसेज केला त्यात ‘वाईट वाटलं असेल तर’ म्हणालो, म्हणजे तेही तुमच्यावरच टाकलं. मी तुमची माफी मागतो. तुम्ही आत्ता यावर काही बोलायलाच हवं असं नाही.”

याला मिनिटभरही लागला नसेल. पलीकडे शांतता होती. त्या शांततेत बोलू नये हे मी ठरवलेले होते, पण ते पाळणे हेच त्या दिवसातले सर्वांत कठीण काम ठरले. ‘आमच्याकडे कसे लोक येतात, म्हणून माझ्या मनात कसे चित्र तयार झाले’ हा सगळा खुलासा जिभेच्या टोकावर आला होता. त्यात खोटे काही नव्हते. माझ्या टेबलावर ‘शेतकरी’ म्हणून जे येतात, त्यांतले बरेच जण दुसऱ्या धंद्याचा पैसा शेतीच्या उत्पन्नात दाखवता येईल का, हे विचारायला येतात. ज्याची बाग तोडली गेली तो माझ्याकडे कशाला येईल? त्यामुळे माझ्या डोक्यातला शेतकरी हा माझ्या टेबलावरून गाळून आलेला शेतकरी होता. पण हे तेव्हा बोललो असतो तर मागचे सगळे पुसले गेले असते. खुलासा मागितला गेला तर तो उत्तर असतो. न मागता दिला तर तो बचाव होतो, मग शब्द तेच का असेनात.

ती म्हणाली, “तुम्ही ऐकलं होतंत?”

मी म्हणालो, “हो.”

“मला वाटलं होतं, तुम्ही ऐकलंच नसेल. कॅफेत गोंगाट होता. मी मनाशी म्हणाले, ऐकलं नसेल म्हणून बोलले असतील, सोडून द्यावं.”

इथे मला घाम फुटला. तिने माझ्यासाठी एक पळवाट स्वतःहून तयार ठेवली होती आणि मी माफी मागायच्या भरात ती बुजवून टाकली होती. खरी कबुली दिली की आपला गुन्हा कमी होतो, अशी एक समजूत असते. प्रत्यक्षात तो काही काळ वाढतो, कारण समोरच्याला ठाऊक नसलेली कलमे आपणच जोडतो. मी एवढेच म्हणालो, “ऐकलं होतं. लक्ष दिलं नाही.”

पुन्हा शांतता. मग तिने विचारले, “आता विचारायचं आहे का?”

आणि मी दहा मिनिटे उशिराने, किंवा अकरा दिवस उशिराने, विचारले की बाग कशी गेली.

ती सांगत गेली. 2014 चा मार्च. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग चांगली धरली होती, घड काढणीला आले होते, व्यापारी येऊन पाहून गेला होता आणि गारपीट झाली. गारेचा मार बसलेले मणी फुटतात आणि मग घडात कूज शिरते हे मला ऐकून माहीत होते. जे माहीत नव्हते ते तिने सांगितले: गार नुसत्या घडावर पडत नाही, काडीवरही पडते, आणि ज्या वेलीची काडी सोलली गेली तिचा पुढचा हंगामही भरवशाचा राहत नाही. वडिलांनी कर्ज वाढवून बाग पुन्हा उभी केली. 2016 ला माल चांगला आला. तो एका व्यापाऱ्याने उचलला, पहिल्या गाडीचे पैसे रोख दिले, बाकीचे ‘आठ दिवसांत’ म्हणाला आणि त्याचा फोन बंद झाला. साडेचार लाखांच्या आसपास रक्कम होती. तिने पीएच.डी.ला प्रवेश घेतला होता, तो सोडून शाळेची नोकरी धरली. तीनपैकी दोन एकर विकले गेले, बाग तोडली गेली, मंडपाचे लोखंडी अँगल किलोच्या भावाने भंगारात गेले.

“आणि माफीचं म्हणाल,” ती म्हणाली, “तर 2019 च्या योजनेत दोन लाखांची मर्यादा होती. थकबाकी त्याच्यावर असेल तर बसत नव्हती. आमची अकरा लाख होती. द्राक्षाचं कर्ज दोन लाखांत कुणाचं असतं? पण गावाबाहेर सगळ्यांना वाटतं, आम्हाला माफी मिळाली. शाळेतही शिक्षक बोलतात. तुम्ही पहिले नाही.”

‘तुम्ही पहिले नाही’ हे वाक्य तिने मला हलके वाटावे म्हणून म्हटले असावे. मला ते तसे वाटले नाही. माझा विनोद वाईट होता एवढेच मला आतापर्यंत कळले होते. तो शिळाही होता आणि तिने तो पुष्कळदा ऐकलेला होता, हे आता कळले. विनोद करणाऱ्याला दर वेळी तो आपणच पहिल्यांदा करतो आहोत असे वाटते.

मी मध्ये बोललो नाही, फक्त एक-दोनदा विचारले. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेला आणखी एक अमेरिकी अभ्यास आहे, त्याचे सार असे की, माफी फार घाईने मागितली तर तिचा गुण कमी येतो. समोरच्याला आपले म्हणणे सांगून झाले आहे आणि ते पोहोचले आहे असे वाटल्यानंतरची माफी अधिक लागू पडते. त्या रात्री साडेअकराच्या माझ्या संदेशाचे आणखी एक पाप मला त्यात सापडले. मी तिला रागवायलाही वेळ दिला नव्हता. चार तासांत प्रकरण निकाली काढून झोपायचे होते मला. आणि हेही खरे की, अकरा दिवस ही काही योग्य मुदत नव्हे. त्यातले पाच दिवस मी ‘सगळे मिटले’ या समजुतीत घालवले आणि उरलेले भित्रेपणात.

फोन ठेवण्यापूर्वी तिने विचारले, “तुम्हाला खरंच असं वाटतं का, की शेतकऱ्याचं सगळं फुकटात चालतं?” तेव्हा मी माझ्या टेबलाचा तो खुलासा केला. आता तो मागितला गेला होता. ती म्हणाली, “म्हणजे तुम्ही खोट्या शेतकऱ्यांवरचा राग खऱ्यांवर काढलात.” मी म्हणालो, “हो, तसंच.” तिने “माफ केलं” असे म्हटले नाही. मी विचारलेही नाही. ती म्हणाली, “बरं, ठेवू का? वह्या तपासायच्या आहेत.” पुढच्या आठवड्यात तिचा संदेश आला आणि तो एका प्रश्नाने संपत होता. मारुतीच्या पायाखाली पाणी उतरले आहे, एवढे मला त्यावरून समजले.

एक काम राहिले होते. विनोद चौघांत झाला होता आणि माफी दोघांत. मी तिच्या मामेभावाला फोन केला. हा अगदी छोटा फोन होता आणि जरा विचित्रही, कारण तो स्वतः हसला होता. मी म्हणालो, “त्या दिवशी मी कर्जमाफीवरून बोललो ते चुकीचं होतं. त्यांच्याशी बोललो आहे, पण तुमच्यासमोर बोललो होतो म्हणून तुम्हालाही सांगतो.” तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “मीपण हसलो ना राव.” मग आम्ही दोघेही काही न सुचून पावसाविषयी बोललो. मात्र हे तिला आधी विचारून केले होते. न विचारता केले असते तर तिच्या घरची गोष्ट मी पुन्हा एकदा तिच्या हातातून काढून घेतली असती.

डिसेंबरात मी तिच्या गावी गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोकांच्या बागा होत्या, घडांत पाणी भरू लागले होते. तिच्या वडिलांच्या उरलेल्या एकरात कांद्याची लागण झाली होती. सत्तरीकडे झुकलेले, शांत गृहस्थ. ओट्यावर बसवून त्यांनी माझी, माझ्या आईची, नाशिकच्या रहदारीची चौकशी केली. चहा आला. बशीत चहा ओतता ओतता ते म्हणाले, “टॅक्सचं काम करता म्हणे तुम्ही. आमचं बरं आहे बघा. टॅक्स नाही आणि वरून माफी!” आणि ते मोठ्याने हसले. ओट्यावर बसलेले शेजारचे दोघेही हसले.

तिने त्यांना काही सांगितले होते की नाही, मला माहीत नव्हते. हसावे तरी पंचाईत, न हसावे तरी पंचाईत. मी तिच्याकडे पाहिले. ती दारात उभी राहून माझ्याकडेच पाहत होती, आणि मी काय करतो याची तिला बहुधा उत्सुकता होती. मी बशी खाली ठेवली आणि त्यांना विचारले, “बाग कोणत्या बाजूला होती?” त्यांनी हात लांब करून विहिरीपलीकडचा बांध दाखवला, चहा तसाच ठेवला आणि चप्पल पायात सरकवत म्हणाले, “चला, दाखवतो.”